प्रोटॉन मॅग्नेटोमीटरला कॅलिब्रेशन लागतं का?

दक्षिणोत्तर: माझं मत: अजिबात नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सांगणारं हे यंत्र मोजतं ती बाटलीतल्या पाण्यातल्या प्रोटॉनच्या डोलण्याची वारंवारता, आणि ती ठरवतो प्रोटॉन. अलिबागच्या बाटलीतला प्रोटॉन आणि नागपूरच्या बाटलीतला प्रोटॉन सारखाच. मग लोक हे यंत्र बांधून झाल्यावर दुसऱ्या यंत्राशी का जुळवत बसतात?

लोलक: पटत नाही. बाटलीभोवतीच्या कॉइलमधून दोन अँपिअर सोडले की जास्त प्रोटॉन एका दिशेला येतात, एकूण चुंबकीय परिबल वाढतं. परिबल वाढलं की क्षेत्राचा पीळ वाढणार आणि परांचन, म्हणजे ते भोवऱ्यासारखं डोलणं, तेही वेगाने होणार. म्हणजे प्रवाह बदलला की वारंवारता बदलली. कॅलिब्रेशन हवंच.

आठवा हार्मोनिक: लोलक, पीळ वाढतो हे बरोबर. पण प्रोटॉन एका दिशेला आले की त्यांचा कोनीय संवेगही त्याच प्रमाणात वाढतो. जास्त पीळ, पण वळवायचं ओझंही तेवढंच जास्त. परांचनाचा वेग या दोघांच्या गुणोत्तरावर ठरतो, म्हणून तो तसाच राहतो.

हे जड पाण्यात छान दिसतं. ड्यूटेरॉनचं परिबल प्रोटॉनच्या एक तृतीयांशाहून थोडं कमी, पण स्पिन दुप्पट. त्यामुळे वारंवारता साडेसहा पटीने उतरते. ४३,००० नॅनोटेस्लाला प्रोटॉन १८३१ हर्ट्झ देतो, तर ड्यूटेरॉन फक्त २८१.

प्रवाह कमी केला तर सिग्नल बारीक होतो. गोंगाटामुळे शून्य ओलांडण्याचे क्षण पुढेमागे होतात आणि आकडे विखुरतात. प्रवाह बदलल्यावर तुम्हाला फरक दिसला असेल तर तो बहुधा हाच.

पांढरा कोट: १८३१ हर्ट्झ? दीड टेस्लाच्या एमआरआयमध्ये प्रोटॉन ६४ मेगाहर्ट्झवर असतो. कुठेतरी शून्यं गळली आहेत.

आठवा हार्मोनिक: गळली नाहीत. तुमचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३५,००० पट आहे, वारंवारताही तेवढ्याच पट. इथे ती कानाला ऐकू येते, हीच तर मजा आहे.

तांब्याची तार: आमच्या कॉलेजच्या यंत्रात आकडा कायम ४३,४५० च्या आसपास. सकाळी तोच, दुपारी तोच. मग याला अचूक म्हणायचं का?

आठवा हार्मोनिक: नाही, तो आकडा विजेचा आहे. ५० हर्ट्झचा ३७ वा हार्मोनिक १८५० हर्ट्झवर येतो आणि त्याचं क्षेत्रात रूपांतर केलं की नेमके ४३,४५० नॅनोटेस्ला मिळतात. खरं क्षेत्र दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांनी हलतं, एकाच जागी बसत नाही.

बाटली रिकामी करून पुन्हा मोजा. आकडा तसाच आला तर प्रोटॉनचा काही संबंध नाही. खरा सिग्नल दोन-तीन सेकंदांत विरत जातो, विजेची गुणगुण विरत नाही. दोन सारख्या कॉइल उलट वेटोळ्यांनी जोडल्या की गुणगुण बरीचशी कटते. कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवा. आपल्याकडे क्षेत्र उत्तरेकडे साधारण २५ अंश खाली झुकलेलं असतं, म्हणून पूर्व-पश्चिम अक्ष त्याला काटकोनात राहतो. उत्तर-दक्षिण ठेवलात तर सिग्नल पाचव्या हिश्शाहूनही खाली जातो, वारंवारता मात्र बदलत नाही.

मोजण्याआधी कॉइलचा प्रवाह तोडतानाही घाई हवी. तो हळू उतरला तर प्रोटॉन क्षेत्राबरोबर वळत पृथ्वीच्या दिशेला येऊन बसतात आणि मग परांचन करायला उरतच नाही काही. एक मिलिसेकंदाच्या आत तोडा.

दक्षिणोत्तर: म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. बांधणी नीट करा, कॅलिब्रेशन विसरा.

आठवा हार्मोनिक: इतकं सोपं नाही. पाण्यातल्या प्रोटॉनला भोवतालचे इलेक्ट्रॉन थोडे झाकतात, सुमारे दशलक्षात २६. मोकळ्या प्रोटॉनचा स्थिरांक वापरला तर १.१ नॅनोटेस्लाची चूक कायमची. पाण्याऐवजी रॉकेल भरलं तर आणखी ०.१५ सरकतं. यंत्राच्या घड्याळाचा क्रिस्टल दशलक्षात २० ने चुकीचा असेल तर ०.९ गेले. प्रोटॉन चुकत नाही, तुमचं घड्याळ चुकतं.

दक्षिणोत्तर: घड्याळ तपासणं म्हणजे यंत्र कॅलिब्रेट करणं नव्हे. जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्याशी क्रिस्टल जुळवला की झालं, दुसरं मॅग्नेटोमीटर कशाला?

लोलक: प्रवाहाबद्दल माझं चुकलं. पण जागेचं काय? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. काँक्रीटमधल्या सळईशेजारी तुमचा प्रोटॉन सळईचंच क्षेत्र प्रामाणिकपणे सांगणार.

आठवा हार्मोनिक: बरोबर, आणि ते सिग्नलमध्येच दिसतं. बाटलीच्या दोन टोकांत ४० नॅनोटेस्लाचा फरक पडला की वारंवारता १.७ हर्ट्झने वेगळ्या होतात आणि सिग्नल अर्ध्या सेकंदात मरतो. पण सळई दोन-तीन मीटर दूर असेल तर सिग्नल सुरेख टिकतो आणि आकडा तरीही सरकलेला असतो. ते एकट्या यंत्राला कळत नाही. म्हणून दुसरं यंत्र मी तरी ठेवेन.

दक्षिणोत्तर: तो दोष जागेचा, यंत्राचा नाही. त्यासाठी जागा बदला.

तांब्याची तार: बाटली रिकामी केली. आकडा ४३,४५०.