शब्दचर्चा : ‘कंटिन्जन्सीज ऑफ सेल्फ-वर्थ’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका

नमस्कार. महाविद्यालयीन समुपदेशकांसाठी असलेल्या एका पुस्तिकेचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे. तीत ‘कंटिन्जन्सीज ऑफ सेल्फ-वर्थ’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. आशय असा की आपण कोणीतरी आहोत ही भावना काहींच्या बाबतीत परीक्षेतल्या गुणांवर, काहींच्या बाबतीत दिसण्यावर, तर काहींच्या बाबतीत इतरांच्या पसंतीवर टांगलेली असते. माझ्याआधी ज्यांनी हे काम हाती घेतले होते त्यांनी ‘स्वमूल्याची आकस्मिकता’ असा शब्द योजला आहे. तो मला खटकतो, परंतु का खटकतो ते नेमके सांगता येत नाही.

कोशप्रेमी

‘आकस्मिकता’ला चूक म्हणता येणार नाही. शासनव्यवहारात कंटिन्जन्सी फंडाला ‘आकस्मिकता निधी’ म्हणतात आणि हा शब्द कित्येक दशके रूढ आहे. रूढ पारिभाषिक शब्द हाताशी असताना प्रत्येक भाषांतरकाराने नवा शब्द घडवला, तर वाचकाला एकाच संकल्पनेसाठी पाच शब्द शिकावे लागतात. माझे मत ‘आकस्मिकता’ कायम ठेवावी असेच आहे.

सातारकर

माझ्या मते मूळ प्रश्न स्वाभिमान आणि अहंकार यांतील फरकाचा आहे. ज्याला स्वाभिमान आहे तो लोकांच्या बोलण्याने डळमळत नाही आणि ज्याला अहंकार आहे तो डळमळतो. मग सरळ ‘स्वाभिमान’ हा शब्द का घेऊ नये? आमच्याकडे भाकरीपुरतेही नसताना कोणापुढे हात न पसरणाऱ्या माणसाला स्वाभिमानी म्हणतात. त्याचा मान कशावरही अवलंबून नसतो.

समुपदेशक

सातारकरांनी दिलेले उदाहरण चांगले आहे, मात्र ते त्यांच्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूने बोलते. कोणापुढे हात न पसरणे यावरच त्या माणसाचा मान उभा आहे. एखाद्या वर्षी पाऊस गेला आणि त्याला शेजाऱ्याकडे धान्य मागावे लागले, तर तो मनातून किती खचेल याची कल्पना करून पाहा. म्हणजे त्याचाही मान अवलंबून आहेच, फक्त त्याने निवडलेली जागा वेगळी आहे.

ही संकल्पना मिशिगन विद्यापीठातील जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकारी कॉनी वुल्फ यांनी 2001 मध्ये सविस्तर मांडली, आणि अशा जागा कोणत्या याचाच तिथे विचार आहे. पुढे 2003 मध्ये क्रॉकर यांच्या गटाने जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तीत अशा सात जागा आहेत: इतरांची पसंती, दिसणे, इतरांवर मात करणे, अभ्यासातील प्रावीण्य, कुटुंबाचा आधार, सदाचरण आणि ईश्वराचे प्रेम. तेव्हा ‘आकस्मिकता’बद्दलचा माझा आक्षेप असा आहे. निधीच्या बाबतीत तो शब्द योग्य आहे, कारण तो निधी अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी असतो. इथे अचानक असे काहीच नाही. निकालाची तारीख महिनाभर आधी ठाऊक असते. इथला ‘कंटिन्जंट’ म्हणजे ‘त्यावर अवलंबून असलेला’.

आणखी एक भेद भाषांतरात हरवू नये. आत्मसन्मान किती आहे हा एक प्रश्न आणि तो कशावर उभा आहे हा दुसरा. दोन विद्यार्थिनींचा आत्मसन्मान आज मोजला तर सारखाच भरेल, पण एकीचा गुणांवर उभा असेल आणि दुसरीचा नसेल, तर निकालाच्या दिवशी त्या दोघी सारख्या राहणार नाहीत.

गणितशिक्षक

मी सव्वीस वर्षे शाळेत शिकवतो. मुलांना गुणांचे काही वाटेनासे झाले, तर ती अभ्यास का करतील? गुणांवर स्वतःची किंमत लावणे हाच तर त्यांचा उत्साह असतो. शब्दाचेच म्हणाल तर आपली भाषाही हेच सांगते. परीक्षेत मिळतात ते ‘गुण’ आणि माणसाच्या अंगी असतात तेही ‘गुण’.

अनुवादिका

सर, आपले हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते, कारण नेमकी तिथेच माझी लेखणी अडते. ‘तुला गुण कमी पडले’ हे वाक्य उत्तरपत्रिकेबद्दल आहे की मुलाबद्दल, हे मराठीत केवळ संदर्भावरून कळते. ‘तो नापास झाला’ म्हणताना विषय मागे राहतो आणि मुलगाच पुढे येतो. पुस्तिकेतला ‘हिडन कॉस्ट’ हाही असाच पेच आहे. ‘स्वतःची किंमत गुणांवर ठरवण्याची छुपी किंमत’ असे लिहिले की एकच शब्द मोल आणि मोबदला या दोन्ही अर्थांनी एका वाक्यात येतो.

समुपदेशक

सरांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि ते अर्धे मी सोडणार नाही. अभ्यासावर स्वतःचे मोल उभे करणारे विद्यार्थी अभ्यासाला अधिक वेळ देतात, असे त्याच गटाच्या पाहणीत दिसले होते. परंतु 642 नव्या विद्यार्थ्यांची महाविद्यालयात येण्याआधी प्रश्नावली भरून घेऊन त्यांचे पहिले वर्ष पाहिले, तेव्हा अभ्यासावर मोल टांगलेल्यांनाच अभ्यासातल्या अडचणी अधिक आल्या. दिसण्यावर मोल टांगलेल्यांना पैशांच्या अडचणी अधिक आल्या.

याचे कारण उत्साह कमी पडतो हे नव्हे. उत्साह शिकण्याकडून वळून स्वतःला वाचवण्याकडे जातो. विद्यार्थी शंका विचारत नाही, कारण शंका विचारणे म्हणजे येत नसल्याची कबुली. तपासलेली उत्तरपत्रिका उघडून पाहत नाही, आणि पाहिलीच तर चूक कुठे झाली यापेक्षा अर्धा गुण कुठे कापला गेला यावर भांडतो. वर्गात हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. कमी गुण मिळाल्यावर वाईट सर्वांनाच वाटते, परंतु काहींना ‘पेपर वाईट गेला’ असे वाटते आणि काहींना ‘मीच वाईट’ असे वाटते.

डोंबिवलीकर आई

मला शब्दांतले फारसे कळत नाही. केवळ वरचा परिच्छेद वाचून लिहीत आहे. माझी मुलगी दहावीला आणि बारावीला शाळेत पहिली होती. सीएच्या अंतिम परीक्षेत एका ग्रुपच्या तीन पेपरांत तिला 52, 47 आणि 44 गुण मिळाले. प्रत्येक पेपरात लागणारे 40 सर्वांत होते, परंतु एकूण 300 पैकी 150 हवे असतात आणि तिचे 143 झाले. सात गुणांनी ग्रुप राहिला. आम्ही तिला एका शब्दाने बोललो नाही. त्यानंतर तिने सराव परीक्षांचे पैसे भरले, पण एकही उत्तरपत्रिका पाठवली नाही. ऐन अभ्यासाच्या दिवसांत मावसबहिणीच्या लग्नाची सगळी कामे स्वतःहून अंगावर घेतली आणि परीक्षेला अकरा दिवस उरले तेव्हा पुस्तक उघडले. घरातले सगळे याला आळस म्हणतात. पण जी मुलगी लग्नघरात पहाटे पाचपासून राबत होती, तिला आळशी कसे म्हणू?

समुपदेशक

ताई, मुलीला न भेटता तिच्याविषयी निश्चित काही सांगणे योग्य होणार नाही, परंतु आळस हा शब्द इथे बसत नाही, हे आपले निरीक्षण मला बरोबर वाटते. अशा वागण्याचा विचार स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी 1978 मध्ये मांडला होता. अपयशाची सबब माणूस आधीच तयार करून ठेवतो. ‘लग्नामुळे अभ्यासच झाला नाही’ हे सांगता येते आणि सोसताही येते. ‘मनापासून अभ्यास केला, तरीही जमले नाही’ हे मात्र जिचे सगळे मोल त्यावरच उभे आहे तिला सोसत नाही. सात गुणांची तूट भरून काढायची तर 44 गुणांच्या पेपरात नेमके काय चुकले ते पाहावे लागते, आणि सराव परीक्षेची तपासून आलेली उत्तरपत्रिका हेच दाखवते. तीच तिने टाळली. छुपी किंमत म्हणतात ती ही. ती निकालाच्या दिवशी दिसत नाही, त्याआधीच्या चार महिन्यांत भरली जाते.

आपण बोललो नाही, असे आपण लिहिले आहे. मी तर असे सुचवेन की बोलावे, परंतु निकालाविषयी नव्हे, त्या 44 गुणांच्या पेपरातल्या एखाद्या प्रश्नाविषयी बोलावे. आणि ती फार दिवस खचलेली वाटली, तर प्रत्यक्ष कोणाला तरी भेटवावे.

गणितशिक्षक

हे वाचून मला माझे म्हणणे थोडे बदलावे लागेल. मात्र चांगले गुण मिळाल्यावर अशी मुले इतरांपेक्षा अधिक फुलतही असतील ना? मग तोटा आणि फायदा सारखाच झाला.

समुपदेशक

याचे उत्तर एकसारखे आलेले नाही. पुढील शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान होकार-नकाराची पत्रे येत असताना मोजला, तेव्हा अभ्यासावर मोल टांगलेले होकाराने अधिक वर गेले आणि नकाराने अधिक खालीही आले. अभियांत्रिकी आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे रोजचे गुण पाहिले, तेव्हा मात्र कमी गुणांनी ते इतरांपेक्षा अधिक खाली आले, पण चांगल्या गुणांनी इतरांपेक्षा अधिक वर गेले नाहीत. रोजच्या गुणांच्या बाबतीत तरी जमाखर्च सारखा दिसत नाही.

आता शब्दाकडे येतो. विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये स्वतःचेच उदाहरण देऊन लिहिले आहे की मानसशास्त्रज्ञ होण्यावर आपण सर्वस्व पणाला लावले असल्याने दुसऱ्याला ते अधिक येते हे आपल्याला लागते, मात्र ग्रीक भाषा अजिबात येत नसल्याचे काहीच वाटत नाही. ‘पणाला लावणे’ आपल्याकडे आहेच.

कोशप्रेमी

‘आकस्मिकता’ मी मागे घेतो. मग ‘स्वमूल्याच्या अटी’ का नको? ‘इतके टक्के पडले तरच’ हा ‘तरच’ त्यात आहे.

समुपदेशक

‘अटी’ कार्ल रॉजर्स यांच्या ‘कंडिशन्स ऑफ वर्थ’साठी राखून ठेवाव्यात, असे मला वाटते. त्यांच्या मांडणीत अट घालणारे आधी दुसरे असतात, बहुधा आईवडील. ताईंनी तर कोणतीच अट घातली नव्हती. दोन्ही संकल्पनांना एकच शब्द दिला, तर हा फरक पुसला जाईल.

अनुवादिका

मी ‘स्वमूल्याचे आधार’ असे लिहून पाहिले होते. परंतु सात जागांमध्ये कुटुंबाचा आधार हीही एक जागा असल्याने ‘कुटुंबाचा आधार हा स्वमूल्याचा आधार’ असे वाक्य तयार झाले. ‘पणाला लावणे’मध्ये माणूस जाणूनबुजून डाव टाकतो असे सूचित होते आणि त्या मुलीने तसे काही ठरवले असेल, असे मला वाटत नाही. मग ‘मदार’ सुचला. ‘तिच्या स्वमूल्याची सारी मदार गुणांवर आहे’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

सातारकर

हा शब्द आमच्याकडे रोजच्या बोलण्यात आहे. ‘सगळी मदार पावसावर’ असेच आम्ही म्हणतो.

कोशप्रेमी

वाक्यात उत्तम, परंतु शीर्षकात अडचण येईल. मुळात अनेकवचन आहे आणि ‘मदार’चे अनेकवचन आपण वापरत नाही. ‘मदारीची क्षेत्रे’ असे केले, तर वाचकाला डमरू वाजवणारा मदारी आठवेल.

अनुवादिका

तूर्त मजकुरात ‘मदार’ आणि तक्त्याच्या शीर्षकात ‘स्वमूल्य कशावर अवलंबून?’ असे ठेवते. प्रश्नावलीतील विधानांत ‘सेल्फ-वर्थ’ला ‘स्वमूल्य’ म्हटले, तर अठरा वर्षांच्या मुलाला ते परके वाटेल असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. बोलीत त्यासाठी खरा शब्द ‘लायकी’ आहे, पण तो बहुधा अपमान करतानाच ऐकू येतो. या एका शब्दाबद्दल कोणाला काही सुचल्यास अवश्य लिहावे.

डोंबिवलीकर आई

माझी मुलगी ‘माझी लायकीच नाही’ असेच म्हणाली होती. ‘स्वमूल्य’ हा शब्द तिने कधी उच्चारला नसता.