पिवळी सबटायटल्स आणि ‘एवढं’ मीठ

> पाककृतीच्या व्हिडिओवर पिवळी सबटायटल्स टाकली आहेत. कर्णबधिर आणि कमी दिसणाऱ्यांसाठी एवढं पुरेल का?

अक्षरं एडिटिंगमध्येच चित्रावर छापली असतील, तर नाही. भाताचं पातेलं समोर आलं की पिवळी अक्षरं गायब! शुद्ध पिवळ्या-पांढऱ्यातला कॉन्ट्रास्ट जेमतेम १.०७:१ भरतो, वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या अक्षरांना किमान ४.५:१ लागतो. त्यापेक्षा सबटायटल्सचा मजकूर आणि वेळा असलेली वेगळी SRT फाइल यूट्यूबवर चढवा. मग अक्षरांचा आकार, रंग, मागची काळी पट्टी प्रेक्षक स्वतःच ठरवतो.

त्या फाइलमध्ये नुसते संवाद नकोत. ‘(कुकरची तिसरी शिट्टी)’ हेही लिहा, कारण गॅस कधी बंद करायचा ते त्या आवाजावरच ठरतं. पार्श्वसंगीताचा प्रत्येक तुकडा मात्र नोंदवू नका, वाचणारा कंटाळतो.

दिसत नसलेल्यांची अडचण वेगळी. ‘आता हे एवढं घालायचं, असा रंग आला की उतरवायचं’ यातून त्यांना काय कळणार? ‘अर्धा चमचा मीठ, कांदा बदामी झाला, कडेनं तेल सुटलं’ असं बोलतानाच सांगितलं, तर दृश्याच्या वर्णनाचा वेगळा ऑडिओ ट्रॅक बहुधा लागतच नाही. तपासायला स्क्रीन उलटी ठेवून फक्त ऐका, मग आवाज बंद करून पाहा.