पहिली रांगोळी आणि फोटोखालची ओळ: तुमचे अनुभव सांगा

देवगडचा बाबा
आमच्या बायने चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहिली रांगोळी घातली. वय साडेपाच. माझ्या आईने वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडून पाच बाय पाच ठिपक्यांचा कागद केला होता. त्यावर रांगोळी पसरून हात फिरवला, कागद सरळ वर उचलला आणि पंचवीस ठिपके खळ्यात उमटले. बायला कासव काढायचं होतं. चिमटीत रांगोळी धरवेना म्हणून मुठीनेच सोडली. एक पाय डाव्या बाजूला जरा जास्तच लांब गेला. आजीने विचारलं, "ह्या काय गो?" तर उत्तर, "तां विमान आसा."

नातेवाइकांना फोटो पाठवायचा होता. आधी लिहिलं, "आमच्या छोट्या कलाकाराची पहिली रांगोळी." वाचून माझी मलाच जांभई आली. शेवटी असं लिहिलं:

*"कासव म्हणून निघालं, वाटेत विमान झालं. ठिपके आजीचे, उड्डाण बायचं. खळं झाडायचं काम बाबाकडे."*

तुम्ही काय लिहिलंत? त्या दिवशी काय घडलं तेही सांगा.

गुहागरची मावशी
ओळ छान आहे. "वाटेत विमान झालं" हे डोळ्यांसमोर येतं, म्हणून हसू येतं. कलाकार, परी, राजकुमारी कुणाच्याही फोटोखाली चालतात.

पण पुढच्या वर्षी ठिपके दोन-दोन इंचांवर घ्या. जवळच्या ठिपक्यांत लहान मुठीतून सुटलेली जाड रेघ मावत नाही, दोन रेघा एकमेकींत मिसळतात. तुमच्या कासवाचं तेच झालं असावं. आणि सारवण अर्धवट सुकलेलं हवं. फार ओलं असलं तर कागद चिकटतो, रांगोळी ओल पिऊन करडी दिसते. अगदी कोरडं असलं तर वाऱ्याने उडते. बोट टेकवून बघायचं, गार लागलं पाहिजे पण बोटाला शेण लागता कामा नये.

मूळ मालवण, सध्या डोंबिवली
खरी रांगोळी तांदळाच्या पिठाचीच. ही दगडाची पूड बाजाराने आणली.

गुहागरची मावशी
पिठाची घालतात हे बरोबर, पण तेवढीच खरी असं नाही. आमच्याकडे भाताची फोलपटं जाळून त्याची पांढरी राख वापरायचे. शिरगोळ्याची पूडही जुनीच. पिठाच्या रांगोळीला तासाभरात मुंग्या येतात, मग फोटोत ठिपके चालताना दिसतील.

रत्नागिरीकर
आमच्या फरशीवर लाल रंगाचा डाग राहिलाय, घासून जात नाही. काय करू?

देवगडचा बाबा
दादा, मी फोटोखालच्या ओळीबद्दल विचारलंय! पण डागाचं कुणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या वर्षी मलाही लागेल.

वेंगुर्ल्याची आई
माझा मुलगा सात वर्षांचा. त्याने तुळशीपुढे स्वस्तिक काढलं, चारही हात नीट आले. मी फोन आणायला आत गेले तेवढ्यात शेजारची कोंबडी मधून चालत गेली. मुलगा रडायच्या बेतात होता. मग त्यानेच पायांच्या खुणा मोजल्या, सहा भरल्या. मी लिहिलं: *"स्वस्तिक आमच्या बाबूचं, नक्षी शेजारच्या कोंबडीची. मानधन दोघांना सारखंच: मूठभर पोहे."* पोहे त्या दिवशी पाच प्रकारचे होते, दोघांनी गोडेच खाल्ले.

चिपळूणची ताई
एक वेगळी गोष्ट. माझ्या लेकीच्या पहिल्या रांगोळीखाली मी लिहिलं होतं, "हे कमळ आहे, असं ती म्हणते." सगळे हसले. ती नऊ वर्षांची झाल्यावर जुने फोटो बघत होती. ते वाचून म्हणाली, "म्हणजे तुला नव्हतं वाटत?" मला काही बोलता येईना. तेव्हापासून थट्टा स्वतःची, आजोबांची, फार तर कोंबडीची. रेघेची करत नाही.

मूळ मालवण, सध्या डोंबिवली
एवढं काय? आमच्या वडलांनी माझ्या रांगोळीला "पावसाने धुतलेला नकाशा" म्हटलं होतं, मला अजून आठवून हसू येतं.

चिपळूणची ताई
तुम्ही हसलात, ती नाही हसली. पोर बघून ठरवावं लागतं.

देवगडचा बाबा
हे वाचून बायला विचारलं, "कासव निघालं, विमान झालं, असं लिहिलंय मी. चालेल?" तिने फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाली, "बाबा, आत कासव बसलाहा ता नाय लिवलंस."

ओळ बदलतोय.