डिपॉझिट रोख दिलंय, पावती नाही

"डिपॉझिट रोख दिलंय, मालक पावती देत नाहीत, आता पत्र लिहून काय उपयोग?"

उपयोग आहे, पण पत्र 'कृपया पावती द्यावी' एवढ्यावर थांबवू नका. माझा मावसभाऊ राजारामपुरीत भाड्यानं राहतो. त्यानं ३०,००० डिपॉझिट दिलं, त्यातले १०,००० यूपीआयनं आणि बाकी रोख. पत्रात त्यानं दोन्ही रकमा, तारखा, रोख कुणाच्या हातात दिली ते सगळं लिहिलं. खाली मालकांसाठी तयार मजकूरच ठेवला: 'वरील रक्कम डिपॉझिट म्हणून मिळाली', सही, तारीख. वयस्कर माणसाला लिहायला लावलं की काम अडतं, सही मात्र पटकन होते.

हे पत्र पोचपावतीसह पोस्टानं गेलंच, पण फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवला. मालकांचं उत्तर आलं, "आरं तुझं तीस हजार कुठं पळून चाललंत काय, घरी ये, देतो सही." सही मिळेपर्यंत हा मेसेजच रक्कम मिळाल्याचा पुरावा होता. तो पुसायचा नाही.

भाड्याच्या पावतीसाठी वेगळी ओळ घाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ३१ प्रमाणे घेतलेल्या कुठल्याही रकमेची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. पत्रात कलमाचा उल्लेख एकदाच, तोही सौम्य. आणि पावती मिळेपर्यंत भाडं अडवून धरू नका, थकबाकीदार तुम्हीच ठराल. बँकेतून पाठवा, शेऱ्यात महिना लिहा.