मदत हवी आहे: रोकड वहीच्या फोटोंवरून द्विनोंदी हिशोब

नमस्कार मंडळी, काकांच्या किराणा दुकानाची हाताने लिहिलेली रोकड वही फोटो काढून टॅलीत उतरवतोय. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. खाडाखोड आणि संक्षेप पानोपानी आहेत.

खोडलेल्या रकमांवर एक उपाय सापडला, तो रोजच्या शिलकेचा. एका पानावर आरंभीची शिल्लक 3,210, विक्री 4,850, उधारी वसुली 2,000, म्हणजे एकूण 10,060. नावे बाजूला माल 5,600, हमाली 340 आणि 'भा.' पुढे 1,450 खोडून वर बारीक अक्षरात 1,540. अखेरची शिल्लक 2,580 आहे. ती 1,540 धरल्यावरच जुळते, म्हणून तीच रक्कम खरी.

पण 'भा.' म्हणजे दुकानभाडं की टेम्पोचं भाडं, हे शिल्लक सांगत नाही. खातं चुकलं तरी रोकड जुळतेच, तेरीजही जुळते, नफातोटा पत्रकातली खर्चाची विभागणी मात्र बिघडते. सध्या अशा नोंदी सस्पेन्स खात्याला नावे करून रोख खाते जमा करतोय आणि तपशिलात फोटोचा क्रमांक व मूळ अक्षरं जशीच्या तशी लिहितोय. काकांना विचारलं की आठवेल तेवढंच सांगतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रक्कम, वार आणि शेजारच्या नोंदी पाहून संक्षेपाचं खातं ठरवायची तुमची पद्धत काय? आणि नोंद पूर्ण खोडली आहे, शिल्लक ती वगळूनच जुळते, पण तीच रक्कम दोन दिवसांनी पुन्हा दिसते, तर पहिल्या तारखेला काहीच लिहायचं नाही का? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.