मदत हवी आहे: "आमचा माणूस आहे, आम्ही घरीच करतो" याला काय उत्तर द्यावं?

भोसरीकर_वैशाली

नमस्कार मंडळी. छोट्या कारखान्यांचे पगार, पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर यांचं काम मी बाहेरून करून देते. चाकणच्या एका प्रेस पार्ट कारखान्याला, साधारण साठ कामगारांच्या, माहितीपत्रक पाठवलं होतं. मालकांनी व्हॉट्सॲपवर लगेच उत्तर दिलं: "मॅडम, आमचे अकाउंटंट हे सगळं बघतात. जुने आहेत. सध्या गरज नाही."

उत्तर सभ्य होतं, म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही. मी मसुदा लिहिलाय. त्यात आम्ही केल्यास खर्च कसा वाचेल, चुका कशा टळतील, सगळं आहे. पण वाचताना मलाच वाटतंय की हे त्या अकाउंटंटच्या विरोधात जातंय. काय लिहावं, कुणाला लिहावं? ओळखीने कळलंय की त्यांच्याकडे दर जूनमध्ये पगारवाढ होते.

रोखठोक_७४

दंडाची भीती घाला, दुसरं काही चालत नाही. पीएफ उशिरा भरला तर पाच टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड बसतो, वर बारा टक्के व्याज. हे आकडे पाहिले की मालक स्वतः फोन करतो.

तळेगाव_कंप्लायन्स

रोखठोक, व्याजाचं बरोबर आहे, दंडाचं जुनं झालं. जून 2024 पासून पीएफच्या थकबाकीवर दंड सरसकट महिन्याला एक टक्का आहे. वैशालीताईंनी जुना आकडा पाठवला आणि त्या अकाउंटंटला नवा माहीत असला, तर विषय तिथेच संपला.

शिवाय ते पीएफ उशिरा भरतात असं कुणी म्हटलंय? जुना माणूस पंधरा तारीख चुकवत नाही. घरात केलेलं काम बहुतेक वेळा तारखेला अडत नाही, नियमाच्या कडेला अडतं. तिथलंच एक उदाहरण द्या.

तुम्हाला जून माहीत आहे ना, तर ईएसआय घ्या. समजा एकाचा पगार 20,500 होता, जूनपासून 22,000 झाला. मर्यादा 21,000 ची. पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा टाकून ठेवलेली असते, त्यामुळे जूनपासून कपात आपोआप बंद होते आणि सगळ्यांना ते बरोबरच वाटतं. खरं तर एप्रिल ते सप्टेंबर हा एक वर्गणी कालावधी. त्यात मध्येच मर्यादा ओलांडली तरी सप्टेंबरअखेरपर्यंत पूर्ण पगारावर वर्गणी भरावी लागते. 22,000 वर कामगाराचे पाऊण टक्क्याने 165, मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी 715, मिळून महिन्याला 880. जून ते सप्टेंबर चार महिने, म्हणजे माणशी 3,520. असे सात जण निघाले तर 24,640, आणि वर वार्षिक बारा टक्क्यांनी व्याज. कामगाराचा राहिलेला हिस्सा नंतरच्या महिन्यांच्या पगारातून कापता येत नाही, तोही मालकाच्याच खिशातून जातो.

पैशाचं एकवेळ सोडा. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात आणि आजारपणाच्या भत्त्याला किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल-मे मिळून 61 दिवसच होतात. फेब्रुवारीत तो माणूस काविळीने पडला, तर शाखा कार्यालयात संगणकावर दिवस कमी दिसतात आणि तो आजारपणात हेलपाटे घालत बसतो. मालकांना हे सांगा, दंडापेक्षा हे जास्त लागतं.

निवांत_नाशिक

माझा जुन्या कंपनीचा पीएफ दोन वर्षांपासून अडकलाय, जन्मतारीख जुळत नाही म्हणतात. ताई, तुम्ही हे काम करता का? किती घेता?

भोसरीकर_वैशाली

दादा, आधी आधारवरची जन्मतारीख बरोबर आहे का बघा. ती बरोबर असेल तर यूएएनच्या पोर्टलवर लॉगिन करून दुरुस्तीची विनंती टाका. कंपनीची मंजुरी लागली तर त्यांच्या मागे लागा. त्यासाठी पैसे द्यायची गरज नाही.

तळेगावदादा, हे फार उपयोगी. पण हे लिहिलं म्हणजे "तुमचा माणूस चुकतोय" असंच नाही का होत?

खतावणी

मी वीस वर्षं अकाउंटंट आहे, दुसऱ्या बाजूचं सांगतो. असा मेसेज आला की मालक वाचतच नाहीत, मला फॉरवर्ड करतात, खाली लिहितात "बघा". "तुमचा खर्च वाचेल" या वाक्याचा माझ्यासाठी अर्थ एकच, माझी गरज नाही. मग मी "आपल्याला नको" असं कळवतो. आणि खर्च वाचतही नाही. माझ्याकडे जीएसटी, बँक, खरेदीची बिलं, सगळंच आहे. पगाराचं काम काढलं म्हणून माझा पगार कमी होत नाही.

पण मला कुणी नेमका प्रश्न विचारला तर मी रजिस्टर उघडून बघतो. 10 ते 15 तारखेच्या आत मला रजा घेता येत नाही, त्यावर कुणी बोललं तर मी नक्की ऐकेन.

तळेगाव_कंप्लायन्स

खतावणी यांनी मुद्दा नेमका मांडला. तुमचं उत्तर तेच वाचणार हे धरून लिहा. मी असं लिहीन:

"साहेब, लगेच कळवलंत, आभारी आहे. काम घरात होतंय आणि माणूस जुना आहे, तर त्यात बदल सुचवत नाही. फक्त एक विचारते. जूनच्या वाढीनंतर ज्यांचा पगार 21,000 च्या वर गेला, त्यांची ईएसआय सप्टेंबरपर्यंत चालू राहिली का, एवढं अकाउंटंट साहेबांना बघायला सांगाल? मे आणि जूनची चलनं शेजारी ठेवली की पाच मिनिटांत कळतं, जूनमध्ये नावं कमी झालेली दिसतील. चालू असेल तर काहीच करायला नको. बंद झाली असेल तर दुरुस्तीसाठी काय लागेल ते मी अकाउंटंट साहेबांना फोनवर सांगेन, त्याचे पैसे नाहीत."

एवढंच. माहितीपत्रक परत जोडू नका, भेटीची वेळ मागू नका. जूनमध्ये कमी झालेलं प्रत्येक नाव चुकीचंच असेल असं नाही, काम सोडून गेलेलेही असतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि त्यांनी "चालू आहे" म्हटलं तर ते घर खरंच नीट चाललंय, तिथे पुन्हा मागे लागू नका.

रोखठोक_७४

आणि फुकट सांगितल्यावर दुरुस्ती करून मोकळे झाले तर? हिला काय मिळालं?

तळेगाव_कंप्लायन्स

तसंही होतं, बऱ्याचदा होतं. पण दुरुस्ती एकदा केली की पुढचा प्रश्न तेच विचारतात. माझ्याकडची दोन कामं अशीच आली. पूर्ण पगाराचं काम नव्हे, फक्त दर महिन्याला भरण्याआधी फाइल तपासून देणं. भरतो त्यांचाच माणूस.

खतावणी

हे मला चालेल. मात्र पगार रजिस्टर बाहेर पाठवायला आमचे मालक कधीच तयार होणार नाहीत. कुणाला किती पगार हे गावभर होईल, ही त्यांची धास्ती आहे.

भोसरीकर_वैशाली

मी पाठवते हाच मजकूर, "बदल सुचवत नाही" हे वाक्य तसंच ठेवून. रजिस्टरचं काय करावं कळत नाहीये. नावं काढून फक्त टोकन नंबर आणि पगार मागवले तर तपासणी होईल, पण ईएसआयच्या चलनाशी जुळवायला विमा क्रमांक लागतोच. कारखान्यातच जाऊन, त्यांच्याच संगणकावर बसून तपासणी करणारं कुणी आहे का इथे? मालक तयार होतात का त्याला, आणि येण्याजाण्याचा वेळ धरून दर कसा लावता?