प्रतिसाद: x = 1 ला पदशः संकलन का चालतं?

> "१ − x² + x⁴ − … ही श्रेणी x = 1 ला अभिसारीच नाही, मग 0 ते 1 पदशः संकलन कसं करायचं?"

π/4 = 1 − 1/3 + 1/5 − … हे सिद्ध करताना अनंत श्रेणी घेऊच नका. n पदांवर थांबा आणि उरलेला भाग जपून ठेवा:

1/(1+x²) = 1 − x² + … + (−1)ⁿ⁻¹x²ⁿ⁻² + (−1)ⁿx²ⁿ/(1+x²)

ही नुसती बेरीज आहे, x = 1 लाही खरी. आता 0 ते 1 संकलन करा. डावीकडे π/4 येतं, उजवीकडे 1 − 1/3 + 1/5 − … अशी n पदं आणि शेपूट, म्हणजे त्या उरलेल्या भागाचं संकलन. उरलेल्या भागाचा भाजक किमान 1, म्हणून त्याचं संकलन x²ⁿ च्या संकलनापेक्षा, म्हणजे 1/(2n+1) पेक्षा लहान. n वाढला की ते शून्याकडे जातं. झालं!

10 पदांची बेरीज 0.7605 येते, π/4 मात्र 0.7854. फरक 0.0249, म्हणजे 1/21 च्या साधारण निम्मा. कारण x²⁰ चं जवळजवळ सगळं क्षेत्रफळ 1 पाशी असतं आणि तिथे भाजक 2 होतो.